पहिला मसुदा पाठवताना क्लायंटला नेमकं काय विचारता?

शाईपेन (सांगली), सोमवार रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. मी विश्रामबागेत घरूनच काम करते. पॅकेटवरचा मजकूर, माहितीपत्रकं, दुकानांच्या जाहिराती असं लिहून देते. प्रश्न लिहिण्याबद्दल नाही, लिहून झाल्यावरचा आहे.

पहिला मसुदा व्हॉट्सॲपवर पाठवते आणि खाली लिहिते, "कसं वाटलं ते कळवा." उत्तर येतं "छान", किंवा नुसता अंगठा. मी खूश. मग गाडी पुढं जाते, डिझाइन होतं, प्रूफ निघतं, आणि मग कुणीतरी जागं होतं.

गेल्या वर्षी बेदाण्याच्या पाउचचं असंच झालं. मसुद्याला धाकट्या भावाचा अंगठा आला, प्रूफलाही आला. पाउच ग्रॅव्ह्यूअरवर छापायचे होते, म्हणजे प्रत्येक रंगाला एक कोरलेला सिलिंडर. सिलिंडर बनून आले आणि थोरले भाऊ म्हणाले, "हे मागचं तासगावचं कशाला लिवलंय? आपला निम्मा माल जतचा असतो." मजकूर काळ्या रंगात होता म्हणून निदान एकच सिलिंडर पुन्हा बनवावा लागला. त्याचे पैसे निम्मे मी भरले. अंगठा माझ्याकडं होता, पण अंगठ्यावर भांडता येत नाही.

आता हळदीचं काम आलंय. दोनशे ग्रॅमचा पाउच, पुढं एक ओळ, मागं ऐंशी-नव्वद शब्द. घरात निर्णय घेणारे तिघं: अण्णा, त्यांचा मुलगा आणि ऑर्डरी बघणारी सूनबाई. मसुदा तयार आहे. बुधवारी पाठवायचाय. या वेळी "कसं वाटलं" असं लिहायचं नाही हे ठरवलंय, पण त्याऐवजी काय लिहायचं? तुम्ही काय विचारता?

भडंगप्रेमी, सोमवार रात्री ९:५२

मी विचारतो, "पैसे कधी?"

सज्जनगड_रोड (सातारा), सोमवार रात्री १०:१५

ताई, उगाच डोकं लावू नका. कामाच्या आधी लिहून घ्यायचं की दोन वेळा बदल फुकट, तिसऱ्यापासून पैसे. मी वेबसाइट करतो. हे लिहायला लागल्यापासून क्लायंट पहिल्याच वेळी नीट बघतो. प्रश्न विचारत बसलं की त्याला वाटतं ह्यांनाच काही माहीत नाही.

शाईपेन, सोमवार रात्री १०:२१

ते लिहिलेलं आहे हो. बेदाण्याच्या वेळीही होतं. त्यांनी दोन काय, एकही बदल सांगितला नव्हता, तीच तर अडचण.

तानपुरा_मिरज, सोमवार रात्री १०:५०

फीडबॅकसाठी आम्ही एक छापील कार्ड करून घेतलंय. गिऱ्हाईक वाद्य घेऊन गेलं की महिन्याभरानं फोन करतो आणि गुगलवर चार ओळी लिहा म्हणतो. पाच तारे देतात बहुतेक लोक. लिंक पाठवली तर लवकर देतात.

भडंगप्रेमी, सोमवार रात्री १०:५४

दादा, काम झाल्यावरचं नाही, काम अर्ध्यात असतानाचं विचारताहेत. तुमचा तानपुरा जवारी लावायच्या आधी गिऱ्हाइकाला दाखवून काय विचारता, असं.

तानपुरा_मिरज, सोमवार रात्री ११:०५

अस्सं. मग ते वेगळं. जवारी लावताना गवई समोर बसलेला असला तर "आवाज कसा वाटतो" असं विचारायचंच नाही. तो म्हणणार "अजून खुलू दे", आणि हे म्हणणं कधी संपतच नाही. मी खर्जाची एकच तार छेडतो आणि विचारतो, "एवढी घुमली तर चालेल की अजून मोकळी पाहिजे?" मग तो कान देतो. चारी तारांचं एकदम विचारलं की नुसती मान डोलावतो.

जुना_उपसंपादक (सातारा), मंगळवार सकाळी ७:३०

मिरजकरांनी उत्तर देऊन टाकलंय, मी फक्त कागदावर आणतो. तीस वर्षं दुसऱ्यांचं लिहिलेलं तपासण्यात गेली, नंतर काही वर्षं जाहिरातीचा मजकूर लिहिला.

शाईपेन, "कसं वाटलं" हा प्रश्न समोरच्याला त्याच्या आवडीबद्दल विचारतो. त्याला आवड सांगायची सवय नसते, शिवाय तुम्ही मेहनत केलीय हे त्याला दिसतं, म्हणून तो भला माणूस "छान" म्हणतो. तुम्हाला त्याच्याकडून आवड नकोच आहे. त्याच्या धंद्यात त्याला ठाऊक असलेली आणि तुम्हाला ठाऊक नसलेली गोष्ट पाहिजे. बेदाण्याचा निम्मा माल जतचा आहे हे तुम्हाला कुठून कळणार होतं? पण "मागे तासगावचा लिहिलंय, सगळा माल तिथलाच असतो का?" एवढं विचारलं असतंत तर धाकट्या भावानंही नाही म्हटलं असतं. त्याला माहीत होतंच की. त्यानं ते वाक्य वाचलं नव्हतं इतकंच.

तर मसुद्यात अशी वाक्यं शोधा जिथं तुम्ही अंदाजानं लिहिलंय. प्रत्येक मसुद्यात असतात. लिहिताना आपण पटकन पुढं जातो, पण हाताला माहीत असतं. त्यांच्यावर प्रश्न विचारा, पण दोन किंवा तीनच.

आणि एक चाचणी सांगतो. प्रश्न पाठवण्याआधी स्वतःशी उत्तर देऊन बघायचं: हो म्हणाले तर मी काय बदलीन, नाही म्हणाले तर काय? दोन्हीत मजकूर तोच राहणार असेल तर तो प्रश्न काढून टाका. "भाषा सोपी वाटते का?" हा तसा प्रश्न आहे. हो म्हणाले तर काही करणार नाही, आणि नाही म्हणाले तरी कुठलं वाक्य अवघड हे कळणार नाही.

मसुदा इथं टाकता येईल का? नाव झाकून.

सज्जनगड_रोड, मंगळवार सकाळी ९:१०

काका, पण तीनच का? दहा वाक्यं अंदाजाची असली तर दहा विचारायला नकोत?

जुना_उपसंपादक, मंगळवार सकाळी ९:४०

दहा असतील तर मसुदा पाठवायची वेळच आलेली नाही, फोन करा आणि माहिती घ्या. दोन-तीन एवढ्यासाठी की माणूस दुकानात उभा असतो, हातात मोबाईल, समोर गिऱ्हाईक. पहिल्या दोनांची उत्तरं देतो, तिसऱ्याचं अर्धवट, चौथ्याला "संध्याकाळी सांगतो". ती संध्याकाळ येत नाही.

शाईपेन, मंगळवार दुपारी १:२०

हा घ्या मसुदा. पुढची ओळ: "सांगलीची अस्सल राजापुरी हळद". मागे:

"हरिपूरच्या पेवांत, जमिनीच्या पोटात, पिढ्यान्‌पिढ्या जपलेलं हे पिवळं सोनं. आमच्या आजोबांनी कृष्णेच्या काठी सुरू केलेली ही परंपरा आज तिसऱ्या पिढीत आहे. निवडलेली हळकुंडं, पारंपरिक पद्धतीनं शिजवून, उन्हात वाळवून, पॉलिश करून दळलेली. जीआय मानांकित सांगली हळद, थेट तुमच्या स्वयंपाकघरात."

पुढं वापराच्या दोन ओळी आहेत, त्या सोडा. जे प्रश्न विचारायचा विचार होता ते असे: १) सुरुवात आवडली का? २) मजकूर मोठा वाटतो का? ३) अजून काही घालायचं आहे का?

आता काकांची चाचणी लावून बघितली तर तिन्ही गेले.

भडंगप्रेमी, मंगळवार दुपारी १:२६

तिसरा प्रश्न तर कुणाला विचारूच नका. "अजून काही घालायचं आहे का" म्हटलं की अण्णांचा फोटो, गणपती, तीन मोबाईल नंबर, "आमची कुठेही शाखा नाही".

कापडगल्ली, मंगळवार दुपारी २:०५

माझं शिवणकाम आहे, लिहिणं-बिहिणं नाही, पण वाचून राहवलं नाही. ब्लाउजची कच्ची टाचणी घातली की बाई आरशात बघतात आणि "बरं आहे" म्हणतात. मी विचारते, "हात वर करा, काखेत ओढतंय का?" मग, "पाठीमागं गळा एवढाच ठेवायचा का?" एवढंच. लेस, बटणं यांचं त्या वेळी बोलूच देत नाही. लेसचा विषय निघाला की अर्धा तास लेसमध्येच जातो आणि काख राहून जाते. मग घरी जाऊन ओढतं आणि शिव्या मला.

जुना_उपसंपादक, मंगळवार दुपारी ३:१५

ताई, हे सोन्यासारखं सांगितलंत. शाईपेन, तुमच्या निरोपात ही ओळ पाहिजेच: "रंग, अक्षराचा आकार, फोटो हे नंतर ठरवू, आत्ता फक्त मजकूर बघा." नाहीतर पहिलं उत्तर "पिवळा थोडा गडद करा" असं येईल.

मसुद्यात मला तीन अंदाज दिसतात. राजापुरी. पेव. जीआय. यांतला तिसरा क्लायंटला विचारण्यापेक्षा आधी तुम्हीच तपासा.

गणपती_पेठ, मंगळवार दुपारी ३:४०

जीआयचं काय तपासायचं? सांगलीच्या हळदीला २०१८ मध्येच जीआय मिळालंय. सांगलीचा कुणीही लिहू शकतो.

येलो_बोर्ड (सांगली), मंगळवार संध्याकाळी ५:३०

मिळालंय हे खरं, कुणीही लिहू शकतो हे नाही. जीआय मिळतं ते नावाला. ते नाव पॅकेटवर वापरायचं तर त्या उत्पादकाची अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी लागते. म्हणून "जीआय ठेवू का?" असं विचारू नका, ते "ठेवा की" म्हणणार. "तुमच्या नावावर जीआयच्या अधिकृत वापरकर्त्याचं प्रमाणपत्र आहे का? असेल तर फोटो पाठवा" असं विचारा. फोटो आला तर ठेवा, नाही आला तर काढा. मी दोन मसाल्यांची लेबलं केलीत. कागद मागितला की उत्तर खरं येतं.

गणपती_पेठ, मंगळवार संध्याकाळी ५:४४

बरं, हे माहीत नव्हतं. आमच्या गल्लीत तर वाटेल तो लिहितो.

हार्डवेअरवाला_कराड, मंगळवार संध्याकाळी ७:००

मी दुसऱ्या बाजूचा. माझ्या दुकानाचं माहितीपत्रक एका बाईंनी लिहून दिलं होतं. त्यांनी अकरा प्रश्नांचा कागद पाठवला. खरं सांगतो, परीक्षा दिल्यासारखं वाटलं. मी "सगळं ओके" लिहून मोकळा झालो. शिवाय "लक्ष्यगट", "टोन" असले शब्द. मला पाइप विकायचे असतात.

एवढं करा. एक, पीडीएफ पाठवू नका, मजकूर मेसेजमध्येच टाका. मोबाईलवर पीडीएफ इकडं-तिकडं सरकवत वाचताना सुरुवात विसरायला होते. दोन, बोलून उत्तर दिलं तर चालेल असं लिहा. आम्हाला टाईप करायचा कंटाळा असतो, बोलायचा नाही.

शाईपेन, मंगळवार रात्री ८:३०

हे फार उपयोगी. बोलून उत्तर चालेल हे मी कधी लिहिलंच नव्हतं.

आत्तापर्यंतचं धरून निरोप असा केलाय, बघा:

"अण्णा, नमस्कार. मागच्या बाजूचा मजकूर खाली आहे. रंग, फोटो, अक्षर नंतर बघू. तीनच गोष्टी सांगा, बोलून पाठवल्या तरी चालतील. १) पुढं 'राजापुरी' लिहिलंय. वर्षभर पॅकेटात तीच असते, की सेलमही येते? २) पहिल्या वाक्यात हरिपूरचं पेव आहे. तुमचा माल पेवात कधी होता का, आणि ते सांगायला तुम्हाला आवडेल का? ३) मजकुरातली कुठली ओळ तुमचा दुकानदार गिऱ्हाइकाला बोलून दाखवेल, आणि कुठली कुणी वाचणारच नाही? शुक्रवार संध्याकाळपर्यंत कळवलंत तर सोमवारी दुसरा मसुदा देते."

जीआयचा कागद सूनबाईंकडं वेगळा मागितला. तो प्रश्न नाही, कागदाचं काम आहे.

चौकट_डिझाइन (सांगली), मंगळवार रात्री ९:१५

एक वाकडी गोष्ट बोलतो. मीही असेच नेमके प्रश्न विचारायचो. एका लग्नकार्यालयाचं पत्रक होतं. मी विचारलं, जेवणाच्या दराचा तक्ता असा ठेवू की तसा? नकाशा पुढं घेऊ की मागं? नेटकी उत्तरं आली. पाच हजार छापले. मग कळलं कार्यालयाचा फोन नंबर दोन महिन्यांपूर्वी बदललेला. कुणीही तिकडं बघितलंच नव्हतं, कारण मी बोट तक्त्याकडं आणि नकाशाकडं दाखवलं होतं. माणूस बोटाच्या दिशेनं बघतो आणि बाकी सगळं तपासलं असं समजतो.

त्यामुळे माझं मत, पहिला प्रश्न उघडाच पाहिजे: "वाचताना कुठं अडलात?" एवढाच. मग नेमके.

जुना_उपसंपादक, मंगळवार रात्री ९:५०

तुमच्या गोष्टीत दोन वेगळ्या चुका एकात मिसळल्यात. फोन नंबर ही तपासणी आहे, मत नाही. तो मसुद्याच्या प्रश्नांत धरायचा नाही, छपाईच्या आधी वेगळा कागद पाठवायचा: नाव, पत्ता, फोन, वजन, किमतीची जागा, परवाना क्रमांक, आणि प्रत्येकासमोर "बरोबर" असं लिहून घ्यायचं. मसुद्याच्या वेळी विचारला तरी छपाईपर्यंत पुन्हा बदलू शकतो.

पण बोटाच्या दिशेचं खरं आहे, ते मान्य. फक्त उघडा प्रश्न आधी नको, शेवटी. आधी विचारला की लोक त्यावरच थांबतात.

चौकट_डिझाइन, मंगळवार रात्री १०:०५

शेवटी विचारला तर तोवर दमलेले असतात, "बाकी ठीक" म्हणतात. आणि आधीच्या तीन प्रश्नांनी त्यांच्या डोक्यात तेच भरलेलं असतं. आपलं पटत नाही काका.

जुना_उपसंपादक, मंगळवार रात्री १०:१२

नसू दे. दोघांनाही कधीतरी चुकीचे फोन नंबर मिळालेत.

सज्जनगड_रोड, मंगळवार रात्री १०:३०

एक शंका. तिसरा प्रश्न, दुकानदार काय बोलेल, हा मसुद्याच्या वेळी कशाला? पॅकेट कोण घेणार हे काम घेतानाच विचारायला पाहिजे होतं.

शाईपेन, मंगळवार रात्री १०:४१

विचारलं होतं. उत्तर आलं, "सगळेच घेतात." कोऱ्या कागदावर लोकांना सांगता येत नाही. समोर वाक्य दिसलं की "हे आमचा दुकानदार म्हणणार नाही" हे लगेच सुचतं. असं मला वाटतंय. बघू.

कापडगल्ली, मंगळवार रात्री १०:५५

बरोबर. कापडाच्या ठाणावर बाईला काही सांगता येत नाही. अंगावर चढलं की सांगता येतं.

नवा_सदस्य_वाई, बुधवार सकाळी ११:२०

छान धागा. मला पण लेखन क्षेत्रात यायचंय. दर पानाला किती घेतात कुणी सांगेल का? सातारा भागात.

भडंगप्रेमी, बुधवार सकाळी ११:३१

वेगळा धागा काढा. इथं हळद लागलीय.

शाईपेन, शनिवार दुपारी १२:१०

उत्तरं आली! सविस्तर सांगते, इतकी मदत केलीत म्हणून.

बुधवारी सकाळी निरोप तिघांच्या गटात टाकला. दुपारी मुलाचा अंगठा. (हसा.) संध्याकाळी अण्णांचा बोललेला निरोप, सव्वाचार मिनिटांचा. आधी पावसाबद्दल, मग मार्केट यार्डातल्या भावाबद्दल, मग मुद्दा.

राजापुरीचं म्हणाले, "बाई, बाराही महिने राजापुरी म्हणणं खरं न्हवं. कमी पडली की सेलम घालतो. निम्मी नसंल, पण असती." म्हणजे पुढची ओळच गेली. आता पुढं "सांगलीची हळद" एवढंच, जातीचं नाव नाही.

पेवाबद्दल त्यांचा आवाज बदलला. म्हणाले, वडिलांच्या वेळी हरिपुरात दोन पेवं होती. माती सारवलेली, तोंड माणूस उतरेल एवढंच, आत मोठा रांजण असल्यासारखं. २००५ च्या पुरात पाणी शिरलं आणि माल गेला, तेव्हापासून गोदाम. "ते लिहू नका. उद्या कुणी म्हणालं दाखवा पेव, तर काय दाखवू?" माझं सगळ्यात आवडतं वाक्य तेच होतं. प्रश्न विचारला नसता तर छापून आलं असतं, आणि अण्णा बोललेही नसते. प्रत्येक पॅकेट बघून गप्प बसले असते.

येलो_बोर्ड, शनिवार दुपारी १२:३०

आणि जीआय?

शाईपेन, शनिवार दुपारी १२:३८

कागद नाही. सूनबाई म्हणाल्या, "अर्ज करायचं चाललंय." काढलं. आला की पुढच्या छपाईत घालू.

आता तिसरा प्रश्न. हा सगळ्यात भारी निघाला आणि उत्तर सूनबाईंनी दिलं. गुरुवारी रात्री साडेदहाला लिहिलं: "ताई, यातली कुठलीच ओळ दुकानदार बोलणार नाही. आमचे दुकानदार सगळे चिपळूण-रत्नागिरीकडचे. ते गिऱ्हाइकाला एकच म्हणतात, चिमूटभर घाला, पुरते. दुसऱ्या हळदीचा चमचा आणि हिची चिमूट." मी तीन आठवडे "पिवळं सोनं" घासत बसले होते, आणि वाक्य तिथं काउंटरवर तयार पडलं होतं. आता मागची पहिली ओळ: "चिमूटभर घाला, पुरते."

हार्डवेअरवाला_कराड, शनिवार दुपारी १:०५

हे वाक्य वाचून मी घेईन. पेव वाचून नसती घेतली.

गणपती_पेठ, शनिवार दुपारी १:२०

मी पेव वाचून घेतली असती. हरिपूरचं पेव ही सांगलीची शान आहे. तुम्ही लोकांनी कोकणासाठी सांगली पुसून टाकली.

चौकट_डिझाइन, शनिवार दुपारी २:००

शाईपेन, अभिनंदन. पण एक विचारतो. मुलाचं काय? त्याचा अंगठा म्हणजे होकार धरलात का? बेदाण्याच्या वेळीही पहिला अंगठा धाकट्याचाच होता.

शाईपेन, शनिवार दुपारी २:१८

तिथं अडलेय खरं. गटात टाकल्यामुळं तिघांनी आपापल्या वाटणीचं उत्तर दिलं: अण्णांनी मालाचं, सूनबाईंनी दुकानदाराचं. मुलानं वाचलंच नाही असं मला वाटतं. छपाईचे पैसे तोच देणार आहे.

जुना_उपसंपादक, शनिवार दुपारी ३:३०

पुढच्या वेळी तिघांना तोच निरोप पाठवू नका. प्रत्येकाला त्याच्या माहितीतला एक-एक प्रश्न, नाव घेऊन. गटात विचारलं की ज्याला उत्तर माहीत नाही तो सगळ्यात आधी अंगठा देतो आणि बाकीच्यांना वाटतं झालं. मुलाला छपाईबद्दल विचारा, म्हणजे तो जागा होईल. "पहिल्या खेपेला किती पाउच छापायचे? कमी असतील तर सिलिंडर न करता डिजिटलवर करू." हा प्रश्न मजकुराचा नाही, पण उत्तर देताना त्याला मजकूर उघडावा लागेल.

चौकट_डिझाइन, शनिवार दुपारी ३:५२

डिजिटलवर केलंत तर निदान नंतर कुणी जागं झालं तरी सिलिंडरचे पैसे बुडत नाहीत. पण पाउच महाग पडतो आणि ते "आम्हाला जास्तच लागतात" म्हणतील.

सज्जनगड_रोड, शनिवार संध्याकाळी ६:१०

मी मागं हटतो थोडा. काल एका शाळेच्या वेबसाइटला तुमच्यासारखे तीन प्रश्न विचारले. दोनांची उत्तरं नीट आली. तिसरा होता, "प्रवेशाचं पान आधी घ्यायचं की शाळेचा इतिहास?" त्याचं उत्तर आलं "दोन्ही आधी घ्या."

भडंगप्रेमी, शनिवार संध्याकाळी ६:१४

मुख्याध्यापक असणार.

जुना_उपसंपादक, शनिवार संध्याकाळी ६:४५

दोन पर्याय दिले की "दोन्ही" हे उत्तर येतंच. त्यांनाच विचारायचं, "पालक तुमच्या ऑफिसात फोन करून सगळ्यात जास्त वेळा काय विचारतात?" ते सांगतील "ॲडमिशन कधीपासून" आणि पानांचा क्रम आपोआप ठरेल. क्रम ठरवणं तुमचं काम, फोनवर काय विचारतात हे त्यांना माहीत.

शाईपेन, शनिवार रात्री ९:३०

काका, मुलाला लिहिलं तुमच्याच शब्दांत. आत्ताच उत्तर आलं: "पाच हजार. आणि ताई, मागं राजापुरी लिहिलंय ना? ते राहू दे, मार्केटमध्ये चालतं."

म्हणजे जुनाच मसुदा उघडला, आणि तोही नीट नाही, राजापुरी पुढं होतं. शिवाय अण्णांच्या बरोबर उलट सांगतोय. आता सोमवारी घरीच जाते. दोघांना समोर बसवून एकच प्रश्न विचारीन.

कापडगल्ली, शनिवार रात्री ९:४१

जाताना नवा मसुदा मोठ्या अक्षरात छापून न्या. अण्णांना मोबाईलवर दिसत नसणार.